कागदावरची कूस

उठून न जाताही रुग्णाला कुशीवर वळवता येतं, हा शोध मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी लावला. रोह्याच्या दवाखान्यात अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू आणि वाचा गेलेली एक मिठागरवाली आजी माझ्याकडे होती. तिच्या काळजीच्या आराखड्यात मी मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं होतं: निदान – पडून राहिल्याने कातडीला जखमेचा धोका; ध्येय – कातडी शाबूत; उपाय – दर दोन तासांनी कूस बदलणे. मूल्यमापनही सकाळीच उरकलं: ध्येय साध्य!

भर दुपारी दिवसभराच्या नोंदी एकदमच लिहायला बसले. ‘डावी कूस’ असं पुटपुटत लिहिलं, आणि खाटेच्या दांडीवर टक् झालं. ‘उजवी कूस’, पुन्हा टक्. चार नोंदींना चार टक्. पेन थांबलं की आवाजही थांबे. वळून पाहिलं, तर आजीचे डोळे माझ्यावर खिळलेले आणि डाव्या हाताचं बोट दांडीवर. माझ्या अंगावर काटा आला.

धावत जाऊन तिला वळवलं. माकडहाडावर लाल डाग होता. बोटाने दाबूनही फिका पडेना, म्हणजे जखमेची सुरुवात. मूल्यमापन खोडून ‘ध्येय साधलं नाही’ लिहिलं. मग खरोखर दर दोन तासांनी वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी देऊन. काही दिवसांनी डाग गेला.

महिन्याभराने वाचा परतली, तेव्हा ती म्हणाली, “गो पोरी, तू लिवायचीस नि मी मोजायची. चार येला वळवलीस मला, पन मी आपली हाय तिथंच!”