कोमट भिंत

राखमामा भुताखेतांना घाबरायचा. आता गंमत बघा, माणसाचा धंदा काय, तर जळालेल्या दुकानांत हिंडायचं, किती माल जळाला त्याचा हिशेब लावायचा आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. सर्व्हेअर म्हणतात त्याला. कोणाचं दुकान पेटलं की कंपनी याला धाडणार. हा काळ्या भिंतींतून, लोंबणाऱ्या वायरींखालून, चिखलराखेतून पायजमा वर धरून चालणार आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेणार. घरी आला की बायको दारातच अडवायची. ‘‘आधी कपडे बाल्कनीत टाका, मग आत या. तुमच्याबरोबर कोण कोण आलंय देव जाणे,’’ असं ती थट्टेनं म्हणायची आणि हा खरंच मागे वळून बघायचा! राखमामा हे नाव तिच्याच भाच्यांनी ठेवलं होतं. पुढे सगळा बाजारच त्याला तसं म्हणायला लागला.

पण भित्रा असला तरी कामाला वाघ. एकदा आकडा काढला की कंपनीच्या साहेबासमोरही तो मागे घ्यायचा नाही आणि दुकानदार रडला म्हणून वाढवायचाही नाही.

तर गादीवाल्याच्या दुकानाची गोष्ट. गाद्या, उशा, दुलया आणि कापसाच्या गाठी यांचं ते दुकान. गादीवाला दोन महिन्यांपूर्वी वारला होता. एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी शाळेत चित्रकला शिकवायची. बापाशी तिचं फारसं पटत नव्हतं. ‘‘कापसात मरायचं नाही मला,’’ असं सांगून ती घर सोडून गेली होती. बाप गेल्यावर परत आली, दुकान उघडून बसली आणि अजून मालाची पुरती ओळखही झाली नव्हती तोच आग लागली. समोरच्या बाजूच्या वायरीत ठिणगी पडली. कापूसच तो, बघता बघता दुकानाचा कोळसा झाला. मागच्या बाजूला वर लाकडी फळ्यांच्या जमिनीची एक खोली होती, ती तेवढी वाचली.

राखमामा पहिल्यांदा गेला तेव्हा मुलगी राखेत उभी होती. तिनं आढेवेढे न घेता विचारलं, ‘‘मामा, मिळतील ना पैसे? बाबानं व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल घेतलाय. विम्याचे पैसे नाही आले, तर ही इमारत जाईल.’’

‘‘आधी किती माल होता ते बघू, पोरी. मग देणंघेणं.’’

जळून गेलेला माल मोजायचा कसा, असं लोक विचारतात. राखमामाची रीत साधी होती. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात बारा लाखांचा माल होता. नंतर वाहतूक धरून एकतीस लाखांचा आला. झाले त्रेचाळीस. विक्री छत्तीस लाखांची. आता विक्रीचा आकडा जसाच्या तसा वजा करून चालत नाही, कारण त्यात नफा असतो. गेल्या तीन वर्षांची पुस्तकं बघितली, तर गादीवाल्याला विक्रीवर चौथा हिस्सा नफा सुटत होता. म्हणजे छत्तीस लाखांना विकलेला माल मुळात सत्तावीस लाखांचा. त्रेचाळीसमधून सत्तावीस गेले, की सोळा लाख उरले. आग लागली त्या दिवशी दुकानात सोळा लाखांचा माल असायला हवा होता.

असायला हवा होता, पण राखेत तो दिसेना. कापूस जळून जातो हो, पण गाठींना बांधलेल्या पोलादी पट्ट्या कुठे जातील? राखमामानं मजूर लावून राख उपसली आणि पट्ट्या मोजल्या. फार कमी भरल्या. एकूण अंदाज दहा लाखांच्या वर जाईना. बिलं नोंदवून माल पोचायचाच राहिला असेल, म्हणून त्यानं व्यापाऱ्यांकडे चौकशी केली. सगळा माल पोचला होता. कोणाकडे पसंतीसाठी पाठवलेला आहे का, तेही विचारून झालं. नाही. सहा लाखांचा माल हवेत विरला होता.

कंपनीचा साहेब येऊन नाक दाबत फिरला आणि म्हणाला, ‘‘मामा, सरळ आहे. दावा फुगवलाय. नाहीतर आगीआधीच माल हलवलाय. लबाडी एका पैशाची असो की सहा लाखांची, सगळा दावा रद्द. सोमवारी अहवाल द्या.’’

‘‘पोरीला तर गाठ कुठली नि गठ्ठा कुठला हेही कळत नाही. ती काय हलवणार?’’

‘‘मग बापानं हलवला असेल.’’

बाप तर मेलाय, असं राखमामाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच वेळी त्यानं टेकायला म्हणून मागच्या भिंतीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. भिंत कोमट होती. ताप आलेल्या माणसाचं कपाळ असतं तशी. आग विझून आठवडा उलटला होता, सगळी राख थंडगार पडली होती. उन्हानं तापली असेल, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली आणि तिथून पाय काढला.

रविवारी तो कागदांवर सह्या घ्यायला गेला. दिवसभर आभाळ होतं, ऊन औषधालाही नव्हतं. मुलगी रात्री मावशीकडे झोपायची, पण संध्याकाळी वरच्या खोलीत येऊन बसायची. काजळी आत येते म्हणून खिडक्या लावून घ्यायची. राखमामानं चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेला. मुलीचा चेहरा उतरला होता, डोळे जड दिसत होते.

‘‘बरं नाही का?’’

‘‘इथे बसलं की डोकं दुखतं. तरी येते.’’ मग आवाज खाली आणून ती म्हणाली, ‘‘मामा, तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. पण बाबा येतो इथे. दिवेलागणीला. त्या कोपऱ्यात खाटेवर बसतो.’’

‘‘काही बोलतात?’’ राखमामानं विचारलं, आणि का विचारलं म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या.

‘‘नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. खाली बघत बसतो. रागावलाय माझ्यावर. आज मी रात्रभर इथेच थांबणार आहे. कधीतरी बघेलच की.’’

ती सह्या करत होती. राखमामाचंही डोकं भणभणू लागलं होतं, कानांत वारा शिरल्यासारखं होत होतं. त्यानं सहज मान वळवली. खाटेवर एक म्हातारा बसला होता. अंगात बंडी, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. मान खाली घालून तो कोपऱ्यातल्या फळ्यांकडे टक लावून बघत होता. काहीतरी जिन्नस तिथे पडलाय आणि तो कोणाच्याच कसा लक्षात येत नाही, असा त्याचा चेहरा होता.

एरवी राखमामा जिन्यावरून गडगडत खाली गेला असता. पण आज तो खेचल्यासारखा त्या कोपऱ्याकडे दोन पावलं सरकला आणि त्याच्या अनवाणी तळव्यांना फळ्या गरम लागल्या. गरम! कोपऱ्याच्या बरोबर खाली दुकानाची ती मागची भिंत. त्या भिंतीपलीकडे काय आहे, हे त्यानं किंवा कोणीच विचारलं नव्हतं. मागच्या बोळातलं बंद शटर शेजाऱ्याचं, असंच सगळे धरून चालले होते.

‘‘ऊठ!’’ तो ओरडला. ‘‘पोरी, खिडक्या उघड! चल खाली, आत्ताच्या आत्ता!’’

‘‘पण बाबा...’’

‘‘बाबांनीच सांगितलंय, चल!’’ त्यानं तिचा दंड धरून तिला अक्षरशः ओढत बाहेर आणलं. अंगणातल्या मोकळ्या हवेत तिला उलटी झाली. यानं अग्निशमनवाल्यांना फोन लावला.

त्यांनी बोळातलं शटर सावकाश, पाण्याचा फवारा तयार ठेवून उघडलं. ते गादीवाल्याचंच गोदाम निघालं, आत खोली भरून कापसाच्या गाठी आणि दुलयांचे गठ्ठे. दुकानाकडचं दार गादीवाल्यानं कधीकाळी फळ्या ठोकून बंद केलं होतं, गिलावा केला होता आणि पुढे मांडणी उभी केली होती. वायरीच्या भोकातून ठिणगी आत गेली असणार. भिंतीलगतच्या गाठी आठवडाभर आतल्या आत धुमसत होत्या. ना ज्वाळ, ना बाहेर दिसेल इतका धूर. गाठी बाहेर काढून कापत होते तेव्हा पोटात लाल निखारे दिसत होते. अग्निशमनचा मुख्य म्हणाला, ‘‘या धुमसण्याचा विषारी वायू फळ्यांच्या फटींतून वर जात होता. डोकं दुखतं, नसलेलं दिसतं. खिडक्या लावून वर कोणी झोपलं असतं, तर सकाळी उठलं नसतं.’’

सोमवारी राखमामा साहेबापुढे उभा राहिला. ‘‘हे घ्या तुमचे सहा लाख. विमा तळमजल्यावरच्या सगळ्या मालाचा आहे आणि ही खोली तळमजल्यावरच आहे. सोळा लाखांचा माल होता म्हणालो होतो, सोळाचाच निघाला.’’

साहेबानं खोली स्वतः जाऊन पाहिली, पट्ट्या पुन्हा मोजवल्या आणि मान हलवली. लबाडीची गोष्ट तिथेच मिटली.

राखमामा मुलीला हिशेब समजावायला गेला. वरच्या खोलीच्या खिडक्या आता सताड उघड्या होत्या.

‘‘शटरजवळचा चार लाखांचा माल धड निघाला, तो तुझ्याकडेच राहील. म्हणजे नुकसान बारा लाखांचं. पण विमाही बाराचाच होता आणि माल होता सोळाचा. बाबांनी मालाच्या पाऊण हिश्श्याचाच विमा उतरवला, म्हणून कंपनी नुकसानीचाही पाऊणच हिस्सा देणार. बाराचा पाऊण हिस्सा म्हणजे नऊ लाख.’’

‘‘नऊ आणि हा चारचा माल.’’ तिनं हिशेब केला. ‘‘देणी भागतील. इमारत राहील.’’ मग तिनं खाटेकडे बघितलं. ‘‘मामा, तो आता येत नाही. वायूच होता म्हणायचा सगळा. शेवटपर्यंत रागावलेलाच दिसला बघा.’’

राखमामानं कागद घडी करून पिशवीत घातले. अहवालात न लिहिलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती बोलायची त्याला भीती वाटत होती.

‘‘बाबांच्या भुवयांत कापूस असायचा का गं?’’

तिनं चमकून वर बघितलं. ‘‘नेहमी. आई चिडवायची त्यावरून. तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘मीही पाहिलं त्यांना त्या दिवशी. वायूनं दिसले की कशानं, मला नाही माहीत. आणि एक सांगतो, रागावलेल्या माणसाचा चेहरा मी रोज बघतो. ते रागावले नव्हते. त्या कोपऱ्यात खाली बघत होते. माल धुमसत होता, तिथेच.’’

मुलगी उठली आणि कोपऱ्यात गेली. वाकून तिनं फळ्यांवर हात ठेवला. त्या आता थंड होत्या.

‘‘आणि मी म्हणत होते, माझ्याकडे का बघत नाही,’’ ती म्हणाली आणि तिथेच बसून हुंदके देऊन रडायला लागली.