शिंपीणबाईंचा दम

शिंपीणबाई दवाखान्यात आल्या की बोलायच्या त्यांच्या सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी विचारायचं सुनेला, उत्तर यायचं सासूकडून. "जळजळ? ती सगळ्यांनाच होते. दम? तो आठव्या महिन्यात लागणारच." मी इथली सिस्टर. मध्ये तोंड घालणं माझं काम नाही, पण माझा नुसता तिळपापड व्हायचा. सून आपली ओढणीची शिवण तपासत मान खाली घालून बसायची.

त्या दिवशी मी बीपी घेत होते, तर तिने माझ्या हातात एक घडी केलेला कागद सरकवला. "मॅडमना द्या. आईंसमोर नको."

डॉक्टरीणबाईंनी तो आतल्या खोलीत वाचला आणि मलाही दाखवला.

"मॅडम, तोंडावर बोलायला जमत नाही म्हणून लिहिते. जेवून आडवी झाले की घशापर्यंत आग येते. लोहाच्या गोळीने पोटात ढवळतं, म्हणून ती जळजळीच्या पातळ औषधाबरोबरच घेते. दोन्ही एकदम उरकतं, मशीनवरून पुन्हा उठावं लागत नाही. पण आता नुसती बसले तरी दम लागतो, छाती धडधडते. मला श्वास पुरत नाही, तर बाळाला पुरत असेल का? रागावू नका."

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर डाव्या कुशीवर निजवलं. पापणी खाली ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक. छाती तपासली, पायांची सूज पाहिली, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. मग पोटावर यंत्र ठेवलं आणि बाळाचे ठोके खोलीभर घुमले. तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

रक्ताचा रिपोर्ट हाती आल्यावर दोघींना समोर बसवून डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या, "बाळ छान आहे. पोट वाढलं की फुफ्फुसांना जागा कमी पडते, त्यामुळे थोडा दम लागतोच. पण बसल्या जागी इतका नाही. तुमचं रक्त फार कमी झालंय. त्या पातळ औषधाबरोबर घेतलेली गोळी नीट अंगी लागत नाही, दोन्हींत दोनेक तास तरी जायला हवेत. आता दिवस थोडे उरलेत, म्हणून लोह शिरेतून देऊ. आणि जेवण थोडं थोडं घ्या, जेवल्यावर लगेच आडवं पडू नका, उशाला उंच घ्या."

"अगं, मला नाही का सांगायचंस?" सासूबाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं, आई. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच होतं."

सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलाही माझ्या वेळी असंच म्हणाले होते गं." सलाईन संपेपर्यंत त्या सुनेचा हात धरून बसल्या होत्या. मला त्यांचा राग येईना.

पुढच्या तपासणीला रिपोर्ट बराच सुधारला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" सासूबाईंचं तोंड सवयीने उघडलं आणि तसंच मिटलं.

"जिन्यावर थांबावं लागलं नाही, मॅडम," सून म्हणाली, आणि मग जी बोलत सुटली, की बाहेरच्या बायका दार वाजवायला लागल्या.