तिनं मावशीला ‘तुम्ही’ म्हटलं

आमच्या लाँड्रीत माणसं दिसत नाहीत, ऐकू येतात. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या ओल्या चादरी गरम रोलरमधून निघायला लागल्या की सगळा हॉल वाफेनं भरतो. समोर पांढरं काहीतरी हलत असतं आणि त्यातून आवाज येतात. ‘धर.’ ‘ओढ.’ ‘सोड.’ दुपारी तर अशी गुंगी चढते, वाटतं आपण ढगातच कामाला लागलोय आणि फक्त जेवायला खाली उतरायचं.

कोण कुणाशी बोलतंय हे मी शब्दाच्या शेपटीवरून ओळखते. ‘इकडे ये’ म्हणजे पोरींपैकी कुणीतरी. ‘इकडे या’ म्हणजे वयानं मोठी बाई, नाहीतर गाडीचा ड्रायव्हर. ‘इकडे यावं’ म्हणजे मोठे मालक पाहुणे घेऊन आलेत. ‘मालक आले’ म्हणजे ते दारात आहेत, ऐकू जाईल इतक्या जवळ. ‘मालक गेला’ म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडली. माणूस तोच. समोर असला की अनेक होतो, पाठ फिरली की एकटा. शाळेत याला आदरार्थी बहुवचन म्हणायचे. माझी शाळा नववीतच सुटली, पण हे एवढं डोक्यात राहिलं, कारण ते रोज कामाला येतं.

आता मावशी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. बुटकी, दणकट, हाताला सतत साबणाचा वास. मी तिला ‘तू’च म्हणते. आईला ‘तू’ म्हणायचे, मग हिला कशाला ‘तुम्ही’? काकांना मात्र ती कायम ‘अहो’ म्हणायची. ‘अहो, येता का’, ‘अहो, जेवलात का’. ते तिला ‘अगं’ आणि ‘तू’. हा जिना आमच्या घरात कुणी बांधला नव्हता, तो होताच. मग काका एक दिवस दुसऱ्या बाईकडे राहायला गेले. शेजारीण दारात आली, ‘काय गं, हे दिसत नाहीत?’ मावशी भांडी पुसत म्हणाली, ‘तो गेला.’ ‘ते गेले’ म्हणाली असती तर चाळभर माणसं खांदा द्यायला धावली असती. ‘तो’ म्हटल्यावर शेजारणीनं पुढे एक अक्षर विचारलं नाही. हळूच दार ओढून घेतलं.

आणि मान देऊन वर चढवूनही मावशी मारू शकते. मी शाळा सोडून दप्तर कोपऱ्यात टाकलं तेव्हा तिनं हात उगारला नाही. म्हणाली, ‘या. आलात? मग आता आपण काय करायचं ठरवलंय?’ मला ‘आपण’! मी पलंगाखाली शिरायच्या बेतात होते.

लाँड्रीत मावशी घडीच्या टेबलावर होती. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. तिथला नियम असा, की चादर हातात असेपर्यंत सगळे ‘तू’. म्हातारी असो, नवी असो. एका अक्षराचाच फरक आहे, पण ‘ओढा’ म्हटलं की माणूस जरा बिचकतो, ‘ओढ’ म्हटलं की ओढतो. चादर टेबलावर ठेवली की पुन्हा ज्याचं त्याचं ‘तुम्ही’ ज्याला त्याला.

मावशीच्या समोरच्या टोकाला होती जिराफ. उंच, लांब मानेची, म्हणून मावशीनंच हे नाव पाडलं. त्या दोघींचं ‘तू’ चादर ठेवल्यावरही ‘तू’च राहायचं. वर्षानुवर्षं. वाफेतून त्यांचं चालू असायचं आणि आम्ही ऐकत डुलायचो.

‘नीट ओढ गं जिराफे, सासूचा पदर नाही तो.’

‘तू आधी वर कर हात. दिसतेस तरी का चादरीमागं? बुटकी मेली.’

मग आधीची सुपरवायझर काम सोडून गेली आणि जिराफ काचेच्या केबिनमध्ये बसली. मावशी इतकी खूश, जशी स्वतःच बसली. पहिल्या सकाळी जिराफ केबिनमधून बाहेर आली. सगळ्या बायका, मोठ्या मालकांचा मुलगा म्हणजे आमचे छोटे मालक, ड्रायव्हर, सगळे हजर. मावशीजवळ येऊन थांबली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही आज रोलरवर थांबता का?’

मावशीचा हात जागच्या जागी राहिला. हातातलं चादरीचं टोक सुटलं आणि अख्खी चादर चुरगळून टेबलाखाली गेली.

मला वाटलं, चांगलंच झालं की. मान मिळाला. घरी आल्यावर मावशी चपला न काढता खाटेवर बसली.

‘तिनं मला तुम्ही म्हटलं.’

‘मग? मान दिला ना.’

‘मान परक्याला देतात गं,’ मावशी म्हणाली. ‘आपल्या माणसाला शिव्या देतात.’

त्या दिवसापासून मावशीनं जिराफशी बोलायची अजब रीत काढली. ‘तू’ म्हणावं तर साहेबीण, ‘तुम्ही’ म्हणावं तर जीभ वळेना. मग ती शेपट्याच कापायला लागली. ‘चादरी आणायच्या का?’ ‘झालं का?’ ‘चालेल ना?’ अख्ख्या वाक्यात समोर कोण आहे त्याचा पत्ताच नाही. ‘चहा घेतेस?’ म्हटलं की समोर मैत्रीण असते. ‘चहा घेता?’ म्हटलं की साहेब असतो. ‘चहा चालेल?’ म्हटलं की कुणीच नसतं. वाफेत ती वाक्यं अशी तरंगायची, जशी कुणाच्याच मालकीची नाहीत. आम्हा सगळ्यांना झोप यायची आणि वाईटही वाटायचं.

मग एक दिवस कपडे वाळत घालताना मावशी म्हणाली, ‘महिना भरला की मी सोडते. पलीकडच्या रस्त्याला नवी लाँड्री निघालीय.’

‘आणि जिराफ?’

‘कोण जिराफ? केबिनमध्ये बाई बसतात.’

‘बसते’ नाही, ‘बसतात’. तेव्हा मला कळलं, हे आता खरंच तुटतंय. काका घर सोडून गेले तेव्हा ही एकच बाई आमच्या घरी रोज यायची, न बोलता बसायची. मावशीला दुसरी मैत्रीण नाही आणि या वयात होणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरळ केबिनमध्ये घुसले.

‘तुम्ही मावशीला तुम्ही का म्हणता?’

जिराफनं पेन खाली ठेवलं. ‘दार लाव.’

मी लावलं.

‘छोटे मालक तुम्हा सगळ्यांना कशी हाक मारायचे? आठवतंय?’

आठवत होतं. ‘ए, ये इकडे.’ ‘ए, तू, हे उचल.’ त्याच्या आजीच्या वयाच्या बाईलाही तेच.

‘मी खुर्चीत बसायच्या आधी त्याला अट घातली,’ जिराफ म्हणाली. ‘हॉलमध्ये सगळ्यांना अहो-जाहो. त्यानं सुद्धा. तर मला विचारतो, आणि तू गं? मी म्हटलं, मी सुद्धा, एकीलाही सूट नाही. आता मी हिला सगळ्यांसमोर ‘ये गं’ म्हटलं की त्याला तोंड फुटणार. ही म्हणते, मग मी का नको? एक फट पडली की झालं.’

हे मात्र खरं होतं. परवाच तो मावशीला म्हणाला होता, ‘जरा बाजूला होता का?’ आणि रोलर चालू असूनही हॉल गप्प झाल्यासारखा वाटला होता.

‘मग हे तिला का नाही सांगितलं?’

‘बोलते का ती माझ्याशी? झालं का, चालेल का! भिंतीशी बोलल्यासारखं. मी काय सांगणार, झालं?’ जिराफचा आवाज चिरकला. ‘मला वाटलं तिला न सांगता कळेल. तिला सगळं कळतं.’

मी बाहेर येऊन मावशीला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, हात पुसले, पदर खोचला. ‘मग मला सांगायला काय झालं होतं तिला? सोडायचंय ते तोंडावर सांगून येते,’ म्हणाली आणि निघाली. मी ट्रॉली ढकलत मागून. ट्रॉलीत काही नव्हतं.

केबिनमध्ये जिराफ उभी राहिली. ‘बसा ना.’

‘आपल्यासमोर कशी बसणार?’ मावशी म्हणाली.

जिराफचे डोळे बारीक झाले. ‘आपण बसावं. खुर्ची आपलीच आहे.’

‘आमचं कुठलं आपलं. बाईसाहेबांची आज्ञा म्हणून हजर झालो.’

‘आज्ञा कसली, विनंती. आपलं आगमन झालं हेच आमचं भाग्य.’

एकेक पायरी वर चढत होत्या दोघी, आणि जितक्या वर तितक्या गार. झिंज्या धरल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. काचेबाहेर वाफ येऊन चिकटली होती. वाटत होतं, आम्ही तिघी कुठंतरी खूप उंच अडकलोय.

‘बाईसाहेबांचं भोजन झालं असेल,’ मावशी म्हणाली.

‘आपल्याशिवाय कसं व्हावं?’

‘आणि निवासस्थानी सगळं कुशल?’

जिराफचं निवासस्थान म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली एक खोली, पुढचं दार उघडलं की मागच्या भिंतीला लागतं. ती ताठ मानेनं म्हणाली, ‘कुशल आहे. आमचे यजमान खाटेवर विराजमान आहेत. कंबर धरून.’

मावशीचा ओठ हलला. ‘उठत नाहीत?’

‘उठावं अशी नम्र विनंती केली होती. त्यांनी ती नामंजूर केली.’

मावशीच्या नाकातून एक फुर्रकन आवाज आला. मग दुसरा. मग ती हसायलाच लागली, टेबल धरून.

‘हस, बुटके, हस!’ जिराफ ओरडली. ‘इतके दिवस तोंड शिवून बसलीस, मेले!’

‘आधी तूच तुम्ही म्हणालीस!’

‘तुमच्या सगळ्यांसाठीच ना गं!’

‘मग मला सांगायचं होतंस!’

बसलीस, म्हणालीस, होतंस. वाक्यांच्या शेवटी तो छोटासा ‘स’ परत आला होता. मी रिकाम्या ट्रॉलीवर बसले.

मावशी खुर्चीत बसली. डोळे पुसत म्हणाली, ‘बरं, ऐक. बाहेर मी तुला तुम्ही म्हणेन. तूही म्हण. त्या छोट्याला ऐकू दे. पण ताई म्हणायचं नाही. मी तुझ्यापेक्षा लहान आहे.’

‘तू? लहान? फक्त उंचीनं!’

‘बघ, परत!’

‘आणि तू काय सांगायला आली होतीस?’

‘कधी?’

‘आत्ता. पदर खोचून.’

मावशीनं पदर सोडला. ‘काही नाही. विसरले.’

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. छोटे मालक. हसण्याचा आवाज बाहेर गेला असणार. ‘ए, काय चाललंय काय इथे?’

मावशी उठली नाही. आवाज चढवला नाही. झोपेतून जागं झाल्यासारखी मान वळवून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

‘बाईंशी बोलतेय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही जरा बाहेर थांबता का?’

त्यानं जिराफकडे पाहिलं. जिराफ कागद चाळत होती. त्याच्या मागून वाफ केबिनमध्ये शिरली आणि आधी त्याचे बूट दिसेनासे झाले, मग गुडघे.

‘थांबतो,’ तो म्हणाला. जरा वेळानं वाफेतूनच पुन्हा आवाज आला, ‘तुमचं होऊ द्या.’