इस्त्रीच्या तळावरची खळ

अमडापूरच्या बाजारात सत्यभामाबाई वीस वर्षांपासून इस्त्रीचे दुकान चालवीत होत्या. त्यांचा क्रम ठरलेला असे: आधी मंद आचेवर सिंथेटिक साड्या, मग कडक तापलेल्या इस्त्रीने खळीचे सुती कपडे. त्या दिवशी मात्र उत्तमराव गुरुजींच्या निरोपसमारंभाची घाई होती. म्हणून गुरुजींचे खळीचे धोतर आधी झाले, आणि इस्त्री निवू न देताच त्यांनी सुनेची, छायाची, नवी सिंथेटिक साडी पुढे ओढली. साडीला भोक पडले. तळावर करपलेल्या खळीशेजारी वितळलेले कापड चिकटले. गुरुजींचा पांढरा सदरा अजून बाकीच होता आणि दोन तासांत ते न्यायला येणार होते.

सत्यभामाबाईंनी घाईघाईने सुरी उचलली. छायाने त्यांचा हात धरला.

"ओरखडे पडतीन, आत्याबाई. तुमीच तं शिकवलं मले."

तिने इस्त्री जराशी तापवली. चिकटलेल्या कापडाचा थर मऊ होताच प्लग काढला, थर लाकडी उलथण्याने अलगद लोटला आणि उरलेला जाड फडक्याने पुसला. इस्त्री पुरती निवल्यावर खाण्याच्या सोड्याचा लगदा खळीवर चोळला, ओल्या फडक्याने काढला. मग इस्त्री कोरडी करून, तापवून जुन्या चिंधीवर फिरवली. आधी पिवळट रेघ उमटली. दुसऱ्यांदा काहीच नाही.

"सदरा तूच कर," सत्यभामाबाई म्हणाल्या. जळकी साडी त्यांच्या मांडीवर होती. "हे तुह्या हातून झालं असतं, तं मी आठ दिवस बोलली असती."

"पंधरा," छाया सदरा पसरत म्हणाली.