गाळलेली अट

भाऊ गेला तो दिवस मला अस्रपासून आठवतो. अस्र म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज. अम्मा ती पढून जानमाज, नमाजीची चटई, गुंडाळत होती, तेवढ्यात भाऊ ज्याच्याकडं टेम्पो चालवायचा त्या मालकाचा फोन आला. टेम्पो पुलगावकडच्या रस्त्याला, नदीच्या अंगाला उभा आहे. किल्ली आत आहे, चपला आत आहेत, पोरगं कुठं दिसत नाही. त्याचा मोबाइल बंद लागत होता.

अब्बा आधीच वारलेले. देवळीच्या त्या घरात आम्ही दोघीच. मी रडायला लागले, अम्मा मात्र सरळ मोरीकडं गेली आणि वुज़ू करायला बसली. हात मनगटापर्यंत, चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला तळवा, शेवटी पाय. एकेक अंग ती असं धूत होती की मला तिचा राग आला. इथं पोरगं सापडत नाही आणि हिला बोटांच्या बेचक्या धुवायच्या आहेत!

"सलातुल हाजत पढतो," ती म्हणाली. "दोन रकात. अडल्यावेळची नमाज आहे थे."

जानमाज पुन्हा अंथरली, उभी राहिली, हात कानांपर्यंत नेले आणि तसेच खाली आणले. तिला आठवलं होतं. अस्रची फ़र्ज़, म्हणजे बंधनाची नमाज, झाली की सूर्य मावळेपर्यंत नफ़ल, म्हणजे आपखुशीची नमाज, पढता येत नाही, आणि हाजतची नमाज नफ़लच. पहाटेची फ़ज्र झाल्यावर सूर्य वर येईपर्यंत तसंच, सूर्य ऐन डोक्यावर असतानाही तसंच. मी म्हटलं, "अम्मा, अल्लाला काय घड्याळ आहे?" दुआ केव्हाही मागता येते, ती बसल्या बसल्या मागत राहिली. पण नमाजीसाठी थांबली. गल्लीतली माणसं नदीवर गेली होती, शेजारच्या काकूंनी चहा आणून ठेवला होता आणि अम्मा भिंतीवरचं ऊन वर सरकताना पाहत होती. एवढी लांब संध्याकाळ माझ्या आयुष्यात दुसरी आली नाही.

सूर्य मावळला, मग़रिब झाली, ती पढली आणि मग दोन रकात. मी मागं बसून पाहिलं, पुढं शिकलेही. नियत मनात करायची. प्रत्येक रकातीत, म्हणजे नमाजीच्या एका फेरीत, फ़ातिहा आणि कुराणातली एखादी सूरत, कमरेत वाकून रुकू, कपाळ टेकून दोन सज्दे. दुसऱ्या रकातीनंतर बसून अत्तहियात आणि दुरूद म्हणायचे, मग मान वळवून उजवीकडं सलाम, डावीकडं सलाम. इथं नमाज संपते आणि मागणं सुरू होतं. तेही एकदम नाही. आधी अल्लाची तारीफ, मग नबींवर दुरूद, मग ती ठरलेली दुआ, आणि सगळ्यात शेवटी आपल्या बोलीत आपली गरज. घरात आम्ही उर्दू बोलायचो, पण अम्मा आंजीत वाढलेली, भोवती सगळी शेतकऱ्यांची घरं. जीव कासावीस झाला की तिच्या तोंडून वऱ्हाडीच यायची.

"माह्यं पोरगं मले वापस दे," ती म्हणाली. बाकी काही नाही.

नदीत काही सापडलं नाही. गळ टाकले, पोहणारे उतरले, पोलिसांनी बेपत्ता म्हणून लिहून घेतलं. मग लोकांना तो दिसायला लागला. कुणाला वर्ध्याच्या बसस्टँडवर, कुणाला नागपूरच्या गाडीत, दाढी वाढलेला. प्रत्येक वेळी आम्ही धावलो. तो मेला म्हणावं तर मय्यत नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. जनाज्याची नमाज पढायला समोर काही नव्हतं, आणि त्याच्यासाठी मग़फ़िरत, गेलेल्यासाठीची माफी, मागायची तर तो गेल्याचं कबूल करण्यासारखं. अम्मा ते करणार नव्हती. ती रोज हाजत पढायची.

तिनंच मला ती दुआ तोंडपाठ करून दिली. ला इलाह इल्लल्लाहुल हलीमुल करीम, इथून सुरुवात. अल्लाशिवाय कुणी नाही, तो सोशीक आहे, उदार आहे. मग त्याच्याकडं मागायचं: तुझी रहमत ज्यानं लाभते ते दे, तुझी माफी ज्यानं पक्की होते ते दे, प्रत्येक चांगल्यातला वाटा दे, प्रत्येक गुन्ह्यापासून वाचव. माझा एकही गुन्हा माफ केल्याशिवाय सोडू नकोस, एकही चिंता दूर केल्याशिवाय सोडू नकोस, एकही गरज पुरी केल्याशिवाय सोडू नकोस, सगळ्या दयाळूंपेक्षा दयाळू असलेल्या. मी तिच्या शेजारी बसून हे म्हणायचे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शेजारणी असलं काही बोलल्या की मी त्यांना उडवून लावायचे. पण डावीकडचा सलाम फिरवल्यावर अम्माची मान लगेच सरळ व्हायची नाही. सलाम खांद्यावरच्या फ़रिश्त्यांना असतो, एवढं मला माहीत होतं. ती मात्र दाराजवळच्या कोपऱ्याकडं बघत राहायची, जिथं भाऊ बसून पाय धुवायचा, आणि चेहऱ्यावर कुणी आत आल्यासारखी ओळख यायची. हळूहळू मलाही तिथं कुणीतरी बसलंय असं वाटायला लागलं. काही दिसायचं नाही. नुसतं वजन जाणवायचं, दमून बसलेल्या माणसाचं असतं तसं. कधी डिझेलचा वास यायचा. मी उठून खिडकी लावायचे आणि स्वतःलाच शिव्या द्यायचे.

त्याचा नंबर ती फिरवत राहायची. बराच काळ तो बंद लागला आणि एक दिवस चक्क उचलला गेला. "हॅलो," पुरुषाचा आवाज. अम्मा काही न बोलता ऐकत राहिली. कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला दिला होता. पुढं ती अधूनमधून त्यालाच फोन करायची, नुसतं ऐकायची. तो भला माणूस होता. "काकू, मी तो नव्हे," एवढंच म्हणून थांबायचा, फोन कापायचा नाही.

माझं लग्न पुलगावात झालं. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याचं ऑपरेशन निघालं. सासू म्हणाली, "चल, हाजत पढू." नफ़ल आपली आपण पढायची असते, म्हणून दोघींनी वेगवेगळी पढली आणि दुआ मात्र मोठ्यानं सोबत म्हणायला लागलो. शेवटाला आमची चुकामूक झाली. मी पुढं गेले आणि सासू मागं कसलेतरी जास्तीचे शब्द म्हणत होती. व ला हाजतन, म्हणजे 'एकही गरज', इथपर्यंत दोघी बरोबर. मग ती म्हणाली, हिय लक रिज़न. मी तिला ताडकन सांगितलं, असं नाही, माझ्या अम्मानं असं शिकवलेलं नाही. नव्या सुनेनं काय बोलावं याचं भान मला कधीच नव्हतं.

सासू चिडली नाही. "बेटा, ते शब्द आहेतच त्यात," ती म्हणाली. "ज्या गरजेत तुझी मर्जी आहे, ती पुरी कर. अट आहे ती. आपण काहीही मागू, आपल्याला काय कळतं?"

ऑपरेशन नीट झालं. नवरा घरी आला आणि मी पहिली बस धरून देवळीला गेले. अम्मा पालक निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच त्या शब्दांचं विचारलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे? मग काऊन गाळतं तू ते?"

तिनं मान वर केली नाही. "त्याची मर्जी काय आहे थे कोनाले माहीत? नदीत असन त? मले त्याची मर्जी नाई पाह्यजे. मले माह्यं पोरगं पाह्यजे."

मला धडकी भरली. अम्मा कधी नमाज चुकवायची नाही, रोज़ा सोडायची नाही, आणि दिवसातून एकदा अल्लासमोर बसून त्याचीच अट हातानं बाजूला सारत होती. आम्ही खूप भांडलो. मी म्हटलं, हा कसला हट्ट, ही दुआ आहे का धमकी? ती म्हणाली, तुले पोरगं झालं का मंग बोलजो. मी जेवले नाही, शेवटच्या बसनं परत आले. नंतर प्रत्येक भेटीत हाच वाद. मी वैतागून म्हणायचे, ते तीन शब्द म्हणून टाक आणि मोकळी हो. मला खरंच वाटायचं की भाऊ त्या कोपऱ्यात अडकलाय तो तिच्यामुळं. ती त्याला येऊ देऊ शकत नव्हती आणि जाऊही देत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात तिचे गुडघे अगदीच गेले. ती खुर्चीवर बसून पढायला लागली, रुकूला थोडं वाकायची, सज्द्याला थोडं जास्त. मी राहायला गेले होते. माध्यान्हीची जुहर झाली होती, अंगणात ऊन होतं. दुपारी तिचा डोळा लागला होता, उठली तेव्हा चेहरा उतरलेला.

"तो आलता," ती म्हणाली. "ओला होता. इथंच बसून होता, काई बोलला नाई. लय थकला वं तो. माह्यामुळंच थकला."

मी काही बोलायच्या आत तिनं वुज़ूसाठी पाणी मागितलं. मी तांब्यानं घातलं. तिनं दोन रकात पढल्या, सलाम फिरवला, हात उचलले. तारीफ, दुरूद, मग दुआ. मी नेहमीच्या ठिकाणी तिच्यासोबत होते. व ला हाजतन, ती म्हणाली आणि थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मला कळलं, ती काय करणार आहे. इतकी वर्षं ज्यासाठी मी भांडले, तेच. माझ्या तोंडून निघालं, "अम्मा, नको."

ती थांबली नाही. हिय लक रिज़न, स्पष्ट, एकेक अक्षर. दुआ पुरी केली. मग आपल्या बोलीत म्हणाली, "जिता असन त सुखात ठेव. नसन त माफ कर त्याले. तुह्या हवाली." हात चेहऱ्यावरून फिरवले आणि पाणी मागितलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले, भाऊ हरवला त्या दिवशीपेक्षा जास्त.

त्या दिवसानंतर घरात कुणी नव्हतं. कोपरा नुसता कोपरा होता, तिथं बादली ठेवली तरी काही वाटेना. अम्मा शांत झोपायला लागली. तिनं फोन करणं सोडलं, आणि त्या भल्या माणसाचाच एकदा फोन आला, काकू बऱ्या आहेत ना म्हणून. सगळे म्हणाले, बरं झालं, म्हातारी सावरली. मी मात्र घरभर फिरून डिझेलचा वास शोधत होते.

आता पुलगावात मी रोज दोन रकात पढते. सासू शेजारी तस्बीह घेऊन बसलेली असते. दुआ मी मोठ्यानं म्हणते, सगळी, नीट. व ला हाजतन म्हणते आणि ते तीन शब्द वगळून पुढं जाते. सासूची बोटं मण्यावर थांबतात. मी तिच्याकडं बघत नाही.