झिंग्यांचं पाकीट

आमच्या घरात एखादी वस्तू देखणी करायची असली की माझ्याकडे येतात, आणि टिकाऊ करायची असली की माझ्या बायकोकडे जातात. वरोऱ्यात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सोयाबीन खरेदीचे बोर्ड, सगळं करतो. दुकानाच्या पाटीवर मी स्वतःला ‘डिझायनर’ म्हणवून घेतलंय. पाटी मीच छापलेली असल्यामुळे आजवर कुणी हरकत घेतली नाही.

धाकट्या बहिणीचं सासर आरमोरीला. तिच्या घरची मंडळी तलावात मासेमारी करतात, थोडी धानाची शेती आहे. तलावातले बारीक झिंगे वाळवून आठवडी बाजारात मापानं विकायचं काम ती आणि शेजारच्या काही बाया करतात. बाजारात मात्र त्या दिवसाचं नशीब असतं. उरलेला माल परत घरी न्यायचा, आणि पावसाळ्यात त्यानं ओल धरली की गेलाच. म्हणून बहिणीनं परवाना काढला आणि चंद्रपुरातल्या एका मोठ्या किराणा दुकानात जाऊन मालकाशी बोलून आली. मालक म्हणाला, “माल चांगला आहे ताई. काउंटरजवळचा एक कप्पा देतो. पण पाकीट धड पाहिजे. उन्हाळा लागायच्या आत आणा, नाई तर तो कप्पा पापडवाल्याले देतो.”

बहिणीचा फोन आला. “दादा, तूच आमचा डिझायनर.”

झालं. मी तीनदा घसा खाकरून घेतला.

माझा विचार असा की लोकांचा ज्या पाकिटावर आधीच विश्वास बसलाय, ते असताना नवीन शोध कशाला लावायचा? घराघरात पोचलेल्या एका मसाल्याचं लाल पाकीट मी समोर ठेवलं. तसाच लाल रंग, मधे पिवळा लंबगोल, त्यात तिरकी पांढरी अक्षरं आणि त्यांना काळी सावली, खाली कोपऱ्यात वाफाळता वाडगा. नाव बहिणीनंच ठेवलेलं होतं, पण अक्षरं ओढूनताणून मी ती त्या मसाल्याच्या नावासारखी केली. वाडग्यात नेमकं काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. चित्र इंटरनेटवरून घेतलं होतं.

छापून पाहिलं तर लाल रंग छपरावरच्या कवेलूसारखा विटकरी आला. त्या कंपनीची लाल शाई खास त्याच रंगाची कालवून घेतलेली असते. माझं मशीन मात्र चार शायांच्या ठिपक्यांतून तो लाल जमवायला बघतं, तेही स्टिकरच्या स्वस्त कागदावर. तरी मी म्हटलं, लांबून कळत नाही.

बहीण आणि मी ते घेऊन चंद्रपूरच्या दुकानात गेलो. मालकानं माझं पाकीट हातात घेतलं, मागच्या फळीवरून तो खरा मसाला काढला आणि दोन्ही शेजारी ठेवली.

“भाऊ, एकटं असतं तं चाललं असतं. बाजूला ठेवलं की हे त्याचं गरीब भावंड दिसून राह्यलं.”

“थोडा फरक केला की...” मी सुरुवात केली.

“फरक नाई केला हाच तं लोच्या आहे. गिऱ्हाईक मसाला समजून नेईल, घरी झिंगे निघतील, मंग शिव्या कोणाले? मले. आन ज्याले समजलं का हा मसाला नोहे, तो म्हणन डुप्लिकेट. वर त्या कंपनीचा माणूस आला तं? दिसण्यावरूनही केस करतात म्हणे ते. तुमच्या पाकिटासाठी मी कोर्टात उभा राहू का?”

बहीण बसस्टँडपर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. आमच्या घरात ही फार वाईट खूण समजली जाते.

मी धडा घेतला, पण चुकीचा. माझं डोकं म्हणालं, खाण्याच्या धंद्यातली नक्कल ओळखू येते, तर दुसऱ्याच धंद्यातली करू. मुलीच्या फोनचा पांढरा डबा कपाटात होता. काय तो थाट! पांढराशुभ्र पुठ्ठा, वर एक चिन्ह, बस्स. मी तसाच पांढरा डबा करवून घेतला. वर मधोमध छोटासा राखाडी झिंगा आणि खाली केसासारख्या बारीक अक्षरांत नाव.

बायकोनं डबा उलटासुलटा केला. “कोणती गोळी आहे ही? जेवणाआधी घ्यायची का नंतर?”

“याला साधेपणा म्हणतात.”

“मग साध्या शब्दांत आत काय आहे ते लिहायचं होतं.”

डब्याच्या एका बाजूला लिहिलं होतं, पण ते वाचायला माझ्याच चष्म्याची काच बदलावी लागली असती. मालकानं नमुना म्हणून थोडे डबे ठेवून घेतले. आठवड्याच्या आत त्याचा बहिणीला फोन, आणि लगेच बहिणीचा मला.

“दादा, लोकं हातात घेतात आन ठेवून देतात. एकानं विचारलं, चार्जर कितीले आहे. मंग एका आजीबाईनं वास घेतला आन म्हणाली, तुमचा चार्जर खराब झाला वाटते.”

मी हसलो. ती हसली नाही.

“हसू नको. पुठ्ठ्याले हळदीचे हात लागून डाग पडले. आन आतले झिंगे नरम पडून राह्यले. मालक म्हणते, आता एकदाच पाह्यतो. पापडवाला रोज चकरा मारते तिथं.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर बायको हे पान फाडेल, कारण मी नेहमीपेक्षा एक भाकर जास्त खाल्ली होती. काळजीत माझं तसंच होतं. पण खाता खाता बायकोनं विचारलेलं डोक्यात बसलं. ती म्हणाली, “त्या फोनवाल्याला गप्प राहणं परवडतं. त्याचं नाव सगळं जग ओरडून सांगतं. तुमच्या बहिणीचं कोण सांगतं?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “आणि झिंगे घेणारी बाई बघते तरी काय? तुम्हाला ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. मी लहानपणापासून झिंगे खात आलोय, पण विकत कधी घेतले नव्हते. आमच्याकडे ते बहिणीकडून येतात.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं आरमोरीला गेलो आणि बहिणीच्या दुकानामागे पोत्यावर बसलो. मी काही बोलायचं नाही, अशी बायकोची अट होती. गिऱ्हाईक यायचं, ढिगातून मूठभर झिंगे घ्यायचं आणि हळूहळू खाली सोडायचं. तळहातावर काय राहतं ते बघायचं. रेती राहिली तर माल गेला. मग नाकाशी न्यायचं. मग विचारायचं, “कोणत्या तलावाचे?” बहीण तलावाचं नाव सांगायची. काहीजण तेवढ्यावरच माप भरायला सांगायचे, काही तोंड वाकडं करून पुढे जायचे. घासाघीस त्यानंतर.

“बघा,” बायको कुजबुजली, “तुमच्या डब्यात यातलं एकही करता येत नव्हतं.”

संध्याकाळी बहिणीच्या अंगणात गेलो. झिंगे वाळत होते. मी फोटो काढायला मोबाइल काढला आणि सवयीनं झिंग्यांच्या अगदी जवळ नेला. बायकोनं माझा हात मागे ओढला. “पूर्ण घ्या की. खालचं काऊन सोडता?” घरी ती पुस्तकी बोलते, पण आरमोरीत आली की तिच्या ‘का’चं ‘काऊन’ होतं.

खाली निळं नायलॉनचं जाळं होतं. फाटलेली जाळी झिंगे वाळवायला वापरतात. त्यातून हवा खेळते आणि बारीक रेती खाली पडते. निळ्या चौकटींवर ते केशरी झिंगे पसरलेले. मी पाहतच राहिलो. इतकी वर्षं मी लोकांना रंगांची जोडी शिकवतोय आणि ही जोडी इथं उन्हात पडलेली.

“हे आमचंच आहे,” बहीण म्हणाली. “हे कोणाकडून पाहून नाई घेतलं.”

या वेळी मी दुसऱ्या कोणाचं पाकीट समोर ठेवलं नाही. आधी तिला विचारलं, काय काय सांगायचंय? तिनं बोटावर मोजलं: झिंगे आहेत, रेती नाही, तलाव कोणता, कधी वाळवले. माझ्याकडे सांगायला आणखी बरंच होतं, पण ते मी पोटात ठेवलं.

पाकीट हवाबंद झिपचं, पारदर्शक. खालचा अर्धा भाग मोकळा सोडला, म्हणजे पाकीट कलतं करून तळाशी रेती आहे का ते बघता येईल. वरच्या भागावर लेबल, त्यावर निळ्या जाळ्याच्या तिरप्या चौकटी, एकाच शाईत. एक शाई म्हणजे दर खेपेला रंग तोच येणार. जाळ्याच्या मधोमध जागा सोडून ठसठशीत अक्षरांत ‘सुके झिंगे’, त्याखाली बहिणीनं ठेवलेलं नाव, मग तलाव आणि महिना. सावली नाही, लंबगोल नाही, वाफाळता वाडगा नाही. वाडगा काढताना मला खरंच वाईट वाटलं. तो चांगला होता.

छापण्याआधी एक नमुना माझ्या दुकानाच्या फळीवर टेकवून मी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो. मोठी अक्षरं वाचता आली. महिना पुसट दिसला, म्हणून तो मोठा केला. पापड, मसाले, बिस्किटं अशी पाकिटं शेजारी लावून पाहिली. लाल-पिवळ्याच्या गर्दीत तो निळा वेगळा उठून दिसत होता.

उन्हाळा तोंडावर आला होता. आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. मालकानं पाकीट घेतलं, कलतं केलं, तळाशी बघितलं. पुन्हा कलतं केलं. मग सगळी पाकिटं काउंटरजवळच्या कप्प्यात मांडली आणि आमच्याकडे पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल करू लागला. कप्पा आमचा की पापडवाल्याचा, ते त्या पाठीवरून कळेना.

आम्ही डाळींच्या पोत्यांमागे उभे राहिलो. बहिणीनं माझी बाही धरून ठेवली होती. एक बाई आल्या, साखर घेतली, तेल घेतलं. कप्प्याकडे बघितलं. पाकीट उचललं आणि थेट तिरकं करून तळाशी नजर टाकली. मग लेबलवरचा तलाव वाचला, “हा तं आमच्या माहेराकडचा,” असं स्वतःशीच म्हटलं आणि पाकीट टोपलीत टाकलं. थोडं पुढे जाऊन परत फिरल्या आणि आणखी एक घेतलं.

“दादा,” बहीण माझ्या कानाशी म्हणाली, “तिनं काहीच नाई विचारलं.”

मालकानं बिल केलं आणि पोत्यांच्या दिशेनं न बघताच मोठ्यानं म्हणाला, “ताई, लपून काऊन राह्यल्या? पापडवाल्याले मी दुसरी जागा पाहून देतो.”