ओळखीचा डोस

आपल्या माणसांना नियम फार आवडतात, विशेषतः दुसऱ्यांना लागू होणारे. हे ज्ञान मला कॅसल हिलच्या एका फार्मसीत मिळालं, लस देण्याच्या काउंटरमागे उभी असताना. सिडनीतला तो लॉकडाउनचा हिवाळा. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, तोंडावर मास्क, आणि आमच्या फार्मसीला कोव्हिडची लस द्यायची नुकतीच परवानगी मिळालेली. फार्मसिस्ट मी एकटीच मराठी. त्यामुळे आसपासच्या मराठी वस्तीने मला घरचीच समजायला सुरुवात केली.

दोन डोसांमधलं अंतर आधी बारा आठवडे होतं. साथ वाढली तसं ते चार ते आठ आठवड्यांवर आलं. हे काउंटरवर समजावून सांगणं माझ्या कामाचाच भाग होता. पण समजून घ्यायला येणारे फार थोडे. बाकीचे घासाघीस करायला येत. आयटीतले एक गृहस्थ फोनमध्ये चक्क एक्सेल शीट घेऊन आले. त्यात बायकोचा डोस, आईचा डोस, मधे गणपती, मधे यांचं प्रोजेक्ट गो-लाइव्ह. सगळं जमवून पाहिल्यावर त्यांच्या हिशोबाने आईचा दुसरा डोस तीन आठवड्यांनी येत होता. "वहिनी, एक आठवडा इकडे-तिकडे चालेल ना? आपल्यात काय." मी त्यांना म्हटलं, माझी तुमची ओळख आहे, लशीची नाही. ते हसले आणि पुढच्या शनिवारी परत विचारायला आले.

डोस घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, हा दुसरा वादाचा विषय. कुणाला क्वचित रिअॅक्शन आली तर ती बहुतेक वेळा त्या पहिल्या काही मिनिटांतच येते. आम्ही ओळीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या, लांब लांब, आणि प्रत्येकीमागे जायची वेळ लिहायला एक छोटी पाटी. त्या खुर्च्यांवर मराठी माणूस तीन मिनिटांत अस्वस्थ होई. कुणी शाम्पू बघायला उठे, कुणी म्हणे की गाडी समोरच आहे, गाडीत बसतो. एक बाई सातव्या मिनिटाला पर्स उचलून निघाल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, मला काही होत नाही, मी फलटणची आहे. मी त्यांना हाताला धरून परत बसवलं. घरी जाऊन हे किस्से नवऱ्याला रंगवून सांगायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

हसत नसत ते माझे सासरे. पुण्याला एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. नातवाला बघायला सासूबाईंबरोबर आले होते. सासूबाई भाचीच्या लग्नासाठी आधी परत गेल्या. सासरे म्हणाले, मी महिन्याभराने येतो. त्या महिन्यातच विमानं बंद झाली आणि महिन्याचं दीड वर्ष झालं. व्हिसा वाढवायचा, वाढवलेल्याचा कागद फाइलला लावायचा, आणि रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर बायकोला औषधं घेतलीस का विचारायचं, एवढंच त्यांचं आयुष्य उरलं होतं. लॉकडाउनमध्ये त्यांनी ऑनलाइन एक लॅमिनेशनचं मशीन मागवलं. मग घरात काहीही सुरक्षित राहिलं नाही. नातवाचं पोहण्याचं सर्टिफिकेट, वॉशिंग मशीनची वॉरंटी, रक्तगटाचा रिपोर्ट, सगळं प्लास्टिकमध्ये गेलं. मी स्थिर बसले तर मलाही करतील, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

एका शनिवारी बंद करायच्या वेळेला लशीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, एक डोस उरला. व्हायल उघडली की ती ठरावीक तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. वेटिंग लिस्टमधले दोघं फोन उचलेनात. मी घरी फोन केला आणि सासऱ्यांना बोलावलं. ते स्वेटर आणि सपाता घालून सहा मिनिटांत हजर. रोज मी प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचे, अॅलर्जी आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, एकेक प्रश्न विचारायचे. त्या दिवशी मी विचारलं नाही. घरचा माणूस, त्यांच्या गोळ्या मीच आणून देते, मला माहीत नसेल तर कुणाला? त्यांच्याकडे मेडिकेअर, म्हणजे इथलं सरकारी आरोग्य कार्ड, नव्हतं, त्यामुळे सरकारी रजिस्टरमध्ये त्यांची नोंद नव्याने उघडावी लागली असती. ते काम सोमवारी करू असं ठरवलं. सुई टोचली, कापूस लावला आणि म्हटलं, चला बाबा, घरीच बसा, मी आहे ना.

ते जाऊन पहिल्या खुर्चीत बसले. म्हणाले, "सगळ्यांना बसवतेस, मग मला का नाही?"

मी शटर अर्धं ओढलं, एक सोडून बाकीचे दिवे मालवले, कॉम्प्युटर बंद केला. पंधरा मिनिटं झाली तरी ते उठेनात. भिंतीवर लावलेला सूचनांचा कागद चष्मा लावून वाचत होते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बरोबर अर्ध्या तासाने घड्याळ बघून उठले. मला वाटलं, रेकॉर्ड विभाग, दुप्पट केल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही यांना. वर दारात परत अडून बसले, की डोस घेतल्याचं कार्ड पाहिजे. मी चिडून कार्ड काढलं आणि फणकाऱ्याने त्यावर तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर लिहिला, सही केली. बॅच नंबरातला एक आकडा नीट वाचता येत नाही म्हणून त्यांनी तो परत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड लॅमिनेट झालं. दुसऱ्या डोसाची रिकामी चौकटसुद्धा कायमची प्लास्टिकखाली गेली. त्याच्या पुढच्या रात्री जेवताना मी विचारलं, आता दुसरा डोस कुठे लिहू, तुमच्या कपाळावर? नवरा ठसका लागेपर्यंत हसला. सासरे शांतपणे म्हणाले, दुसरं कार्ड दे, तेही करीन. मी त्यांना सांगितलं की कार्डाला काही किंमत नसते, खरी नोंद कॉम्प्युटरमध्ये असते. हे मी सोमवारी रात्री सांगितलं. म्हणजे ज्या सोमवारी ती नोंद करायची होती, त्याच.

पाच आठवड्यांनी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, शेजारणी आळीपाळीने डबा द्यायला लागल्या. सासऱ्यांनी त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आणलं. आम्ही खटपट करून तीन आठवड्यांनंतरचं तिकीट मिळवलं. एअरलाइन दोन्ही डोसांचं सर्टिफिकेट मागत होती, आणि ते सर्टिफिकेट रजिस्टरमधूनच निघतं. दुसऱ्या डोसासाठी सासऱ्यांनी घरी मला न सांगता फार्मसीच्या वेबसाइटवर स्वतःची वेळ नोंदवली. सात आठवडे पूर्ण होतील असा दिवस निवडला होता, नियमात बसणारा.

त्या दिवशी ते रांगेत उभे होते, सहाजणांच्या मागे. मी खूण करून पुढे बोलावलं. ते आले नाहीत. त्यांचा नंबर आला तसं मी नेहमीप्रमाणे पहिला डोस तपासायला रजिस्टर उघडलं. त्यांच्या नावाने काहीच नव्हतं. जन्मतारखेने शोधलं. काहीच नव्हतं. मग मला तो सोमवार आठवला. लस दिल्यावर चोवीस तासांत नोंद करा, हे मी दोन नव्या मुलींना स्वतः शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फॉर्म नाही. बॅच नंबर शोधायला फ्रिजमधल्या लशींची वही काढली, तर त्या शनिवारी दोन बॅचच्या व्हायल उघडलेल्या. त्यांनी पहिला डोस घेतल्याचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता, आणि पुण्याला एक बाई खुब्यात स्क्रू घेऊन पलंगावर पडली होती.

मी मान खाली घालून त्यांना सांगितलं. माझ्याकडून नोंद राहिली, म्हटलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून ते कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. माझ्याच फणकाऱ्याच्या अक्षरात तारीख, लशीचं नाव, माझी सही, आणि दोनदा लिहून घेतलेला बॅच नंबर. प्लास्टिकमुळे त्याला एक सुरकुतीही पडली नव्हती.

मी फार्मसीच्या मालकिणीला बोलावून सगळं खरं सांगितलं. ती बरंच बोलली आणि ते मला ऐकून घ्यावं लागलं. मग तिने काय घडलं ते माझ्याकडून लिहून घेतलं, कार्डाची प्रत काढली आणि माझ्या शेजारी उभी राहून मागच्या तारखेचा तो डोस रजिस्टरमध्ये भरून घेतला. स्क्रीनवर पहिली नोंद दिसली तेव्हा मी सासऱ्यांना म्हटलं, चला बाबा, आत या, पटकन दुसरा देऊन टाकते.

"नाही," ते म्हणाले. "आज मला ओळखू नकोस. फॉर्म दे."

मी फॉर्म दिला. त्यांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं सावकाश भरलं. मग मी परक्याला विचारावेत तसे एकेक प्रश्न विचारले. ताप आहे का. रक्ताची गुठळी कधी झाली होती का. कुठल्या औषधाची किंवा इंजेक्शनची कधी गंभीर अॅलर्जी?

"हो," ते म्हणाले. "पेनिसिलीन. पंचाऐंशी साली. घसा सुजून बेशुद्ध पडलो होतो. दोन दिवस दवाखान्यात होतो."

मी ते फॉर्मवर लिहून घेतलं. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. अशा माणसाला पंधरा नाही, तीस मिनिटं बसवायचं असतं. मागच्या वेळी मी त्यांना एक मिनिटही न बसवता, सपाता घातलेल्या पायांनी, अंधारात एकटं घरी पाठवत होते.

त्या दिवशी का नाही सांगितलंत, मी विचारलं.

"तू विचारलं नाहीस. घाईत होतीस." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "तिथे लिहिलं होतं. म्हणून बसलो."

दुसरा डोस मी दिला. नवं कार्ड पूर्ण भरून दिलं, दोन्ही तारखा, दोन्ही बॅच. ते पहिल्या खुर्चीत जाऊन बसले आणि मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. रांगेतल्या एका काकूंनी मला मराठीत हाक मारली आणि हळूच विचारलं, आमचं जरा लवकर होईल का, ओळखीतल्याच आहोत.

मी त्यांना नंबर घ्यायला सांगितलं. आणि सासऱ्यांच्या खुर्चीमागच्या पाटीवर, त्यांच्या जायच्या वेळेच्या जागी, बरोबर अर्ध्या तासानंतरची वेळ लिहिली.